स्केल एकास एक

नानांना कुठलीही वस्तू दाखवली की ते आधी एक डोळा मिटतात. दुसऱ्या डोळ्याने तिची कड न्याहाळतात, मान जराशी तिरकी करतात आणि निकाल देतात, “दोन मिलिमीटर बाहेर आहे.” वस्तू म्हणजे काहीही. सत्यनारायणाचा चौरंग, लिफ्टचं दार, नव्या जावयाचा भांग.

त्यांची सगळी नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात झाली. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ सालची. नाना तिथे चिकटले तेव्हा कॉम्प्युटर कुणी पाहिला नव्हता. तिरक्या बोर्डावर ट्रेसिंग पेपर ताणायचा, टू-एच पेन्सिलीने रेघा मारायच्या आणि डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या अमोनियाच्या वासात प्रिंट घ्यायच्या, असा तो जमाना. आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी सहा इंची स्टीलची पट्टी शर्टाच्या खिशातून उतरलेली नाही. माई सांगतात, लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात नानांनी एका पोळीचा व्यास दोन बाजूंनी मोजून त्यातला फरक तोंडी कळवला होता. पुढे आठ दिवस घरात नुसता भात शिजला. तेव्हापासून पोळी या विषयात नाना भरपूर टॉलरन्स देतात.

या नानांची नात मनी यंदा पहिलीत गेली, आणि एका शुक्रवारी संध्याकाळी तिच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्रोजेक्ट आला. आकारांची शोधमोहीम. घरात वर्तुळ, त्रिकोण, चौरस आणि आयत शोधायचे, प्रत्येकाच्या तीन वस्तूंची चित्रं काढायची, रंगीत कागदातून ते आकार कापून तक्त्यावर चिकटवायचे आणि सोमवारी आणायचे. शेवटी एक ओळ होती, ‘मुलांना स्वतः करू द्यावे.’ मी महापालिकेच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेण्यात जन्म घालवला. ही शेवटची ओळ आम्ही बाया पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आलोय. ती वाचलेला पालक अजून माझ्या पाहण्यात नाही.

मनीच्या आईने व्यवहारी तोडगा काढला. माजिवड्याच्या नाक्यावर स्टेशनरीच्या दुकानात आकारांचे तयार स्टिकर मिळतात, पाच मिनिटांचं काम. नाना ताठ झाले. “सूनबाई, ड्रॉइंगचं काम बाहेर द्यायचं नसतं.”

शनिवारी सकाळी मोहीम निघाली. नानांच्या हातात पट्टी, गुण्या, सुतळीचा गुंडा आणि नोंदवही. मनीच्या हातात बिस्किट. तिने पहिल्याच झटक्याला सोफ्यावरचा मोबाइल उचलला. “आयत!”

“नापास,” नाना म्हणाले. “कोपरे गोलावलेत. याला फिलेट म्हणतात. आयताला चार काटकोन लागतात, याला एकही नाही.”

मनीने हातातलं बिस्किट पुढे केलं. त्याची कड दातेरी निघाली. उशीला पोट होतं. स्टीलच्या ताटाचे तीन ठिकाणी तीन व्यास आले, कारण ते मागे कधीतरी माईंच्या हातून पडलं होतं, आणि कधी पडलं यावर घरात दोन मतं असल्याने अर्धा तास गेला. मग मनीने दार दाखवलं. दार आयत नसेल तर मग आयत असतं तरी कुठे? नानांनी सुतळी घेतली. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत ताणली, चिमटीत धरली आणि तीच सुतळी दुसऱ्या तिरक्या बाजूने लावून पाहिली. गवंडी असंच तपासतात. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून कर्णही सारखे भरले तरच कोपरे काटकोनात असतात. कर्ण कमीजास्त आले तर चौकट कुठल्यातरी अंगाला झुकलेली आहे. फरक आठ मिलिमीटरचा निघाला.

“हे दार आयत नाही,” नानांनी वहीत लिहिता लिहिता सांगितलं. “समांतरभुज चौकोन आहे.”

पावसाळ्यात ते दार का अडकतं, हे कोडं त्या घराला इतक्या वर्षांनी असं सुटलं. पण प्रोजेक्टचं काय? जेवणाची वेळ झाली तेव्हा वहीत एक फरशी, दोन वाट्या आणि टीव्ही एवढाच माल जमा होता. त्रिकोणाच्या नावाने शून्य. मनीने भोकाड पसरलं, “आपल्या घरात आकारच नाहीयेत!” आणि सुनेने खालच्या मजल्यावर मला बोलवायला माणूस धाडला.

मी वर गेले तेव्हा नाना मनीला आयताची व्याख्या समजावत होते आणि मनी त्यांच्या चष्म्याच्या काचेत स्वतःला बघत होती. दोघांचंही बरोबर होतं, हीच तर अडचण. हॉलंडमध्ये पिअर आणि दिना व्हान हीले हे शिक्षक नवरा-बायको होते. पोरांच्या डोक्यात भूमिती का शिरत नाही, हा प्रश्न त्यांना रोज वर्गात पडायचा. दोघांनी १९५७ साली त्यावर प्रबंध लिहिले. त्यांनी सांगितलं ते असं, की भूमितीच्या समजुतीला पायऱ्या असतात. खालच्या पायरीवर मूल आकार ओळखतं ते त्याच्या एकंदर रूपावरून, आपण लांबून माणूस ओळखतो तसं. बाजू किती, कोपरे कसे, हे बघायला ते पुढच्या पायरीवर शिकतं. आणि ‘प्रत्येक चौरस हा आयतही असतो’ हे पटायला त्याच्याही वर चढावं लागतं. वरच्या पायरीवरचा माणूस खालच्याशी त्याच शब्दांत बोलतो, म्हणून दोघांनाही वाटतं की समोरच्याला कळतंय. आमच्या नानांनी तर नोकरीभर वरच्याच पायरीवर पाट टाकलेला.

“नाना, एक गंमत बघा,” मी म्हटलं. एक जुनी लग्नपत्रिका घेतली, तिचा चौरस कापला आणि मनीपुढे टेबलावर सरळ ठेवला. “हे काय?”

“चौरस.”

तोच तुकडा उचलला नाही, नुसता बोटाने फिरवून कोपऱ्यावर उभा केल्यासारखा ठेवला. “आणि हे?”

“पतंग,” मनी म्हणाली.

पुन्हा फिरवला. “आता परत चौरस झाला,” ती आपणहून बोलली. नानांचा चेहरा बघण्यासारखा होता. “अहो बाई, फिरवून कुठे आकार बदलतो?”

तुमचा नाही बदलत नाना, तिचा बदलतो. कारण तिने आजवर पाहिलेला प्रत्येक चौरस आडव्या बुडावर बसलेला आहे. बालवाडीच्या भिंतीवरचा तक्ता आठवा. त्यावर त्रिकोण असतो तो तिन्ही बाजू सारख्या असलेला आणि टोक वर केलेला. आयत असतो तो आडवा. मूल मग त्रिकोण शिकत नाही, ते चित्र शिकतं. मी पत्रिकेच्या उरलेल्या तुकड्यातून एक लांबोडका, चिंचोळा त्रिकोण कापला आणि मनीला दाखवला. ती म्हणाली, “ही सुई आहे.” टोक खाली केलेला त्रिकोण तिच्या मते ‘उलटा’ होता, म्हणजे जवळजवळ चुकीचाच. तयार स्टिकर चिकटवले असते तर हेच चित्र आणखी घट्ट बसलं असतं. शोधमोहिमेचा उपयोग असलाच तर तो एवढाच, की एकच आकार लहान, मोठा, आडवा, उभा, तिरका असा हाताला लागावा. आणि तिथेच नानांची पट्टी आडवी येत होती. पहिलीच्या पोराला मोबाइल आयत म्हणून चालतो. नाही, चालवायलाच हवा.

“पण कोपरे?” नाना.

मी मनीचं बोट मोबाइलच्या कोपऱ्यावर ठेवलं, मग लग्नपत्रिकेच्या. “हा टोचतो,” ती म्हणाली, “तो नाही टोचत.” पहिलीसाठी कोपऱ्याची एवढी व्याख्या पुरते. तिने मोबाइल ‘आयतासारखा’ म्हणून वेगळा ठेवला. नानांनी वहीत त्याला ‘सशर्त पास’ असा शेरा दिला.

जाता जाता आणखी एक परीक्षा झाली. माईंनी माझ्यापुढे चकलीची बशी ठेवली होती. मनीने चकली उचलून सांगितलं, हे वर्तुळ. मी म्हटलं, या चकलीच्या भिंती समज आणि आत एक मुंगी सोड. ती भिंत न चढता बाहेर येऊ शकते का? मनीने गल्लीतून बोट गोल गोल फिरवत बाहेर काढलं आणि खूश झाली. मग बांगडीत मुंगी सोडली. ती अडकली. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक वस्तूत मुंगी सुटू लागली.

एका बाबतीत मात्र नाना बरोबर होते आणि तसं मी त्यांना लगेच सांगितलं, कारण अशी संधी पुन्हा यायची नाही. मनीने चेंडू आणून ‘वर्तुळ’ म्हटल्यावर ते ओरडले होते. चेंडू वर्तुळ नव्हे. वर्तुळ कागदावर मावतं, चेंडू मावत नाही. आम्हा शिक्षकांच्याही तक्त्यांवर वर्तुळाखाली चेंडू आणि चौरसाखाली फासा खुशाल चिकटवलेला असतो आणि मग चौथी-पाचवीत घन आणि गोल शिकवताना घाम फुटतो. पण यावर ओरडून उपाय होत नाही. उपाय एकच. वस्तू कागदावर ठेवायची आणि कडेने पेन्सिल फिरवायची. जी रेघ उठेल तो आकार. वस्तू वेगळी, तिचा ठसा वेगळा.

हे ऐकलं आणि नाना खुर्चीतून उठले. “म्हणजे व्ह्यू काढायचे? समोरून, वरून, बाजूने? मग हे आधी नाही का सांगायचं!”

पुढचा तासभर मी त्या घरात जे पाहिलं ते मला माझ्या वर्गात क्वचितच जमलं होतं. नानांनी काडेपेटी घेतली. मनीने ती झोपवून भोवती रेघ मारली, मोठा आयत आला. कुशीवर ठेवून मारली, लांबोडका आला. उभी केली तर छोटासा. “एका पेटीत तीन आयत!” ती म्हणाली. नानांनी विचारलं, “तीनच?” मग उरलेल्या तीन बाजूही उमटल्या. कापून एकमेकांवर ठेवल्या तेव्हा दोन-दोनच्या जोड्या जुळल्या, आणि त्या जुळतात हे नानांनी सांगितलं नाही, मनीनेच पाहिलं. वाटी पालथी घातली तर मोठं वर्तुळ, सरळ ठेवली तर बुडाचं लहान. चेंडूच्या वेळी तर मजाच झाली. चेंडूभोवती पेन्सिल फिरवायला गेलं की ती त्याच्या पोटाखाली घुसते आणि रेघ वाकडीतिकडी येते, कारण चेंडू कागदाला टेकतो तो जेमतेम एका ठिकाणी. मनीने तीनदा प्रयत्न केला आणि चेंडू फेकून दिला. “याला ठसाच नाही.” नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे त्यांनीच तिच्याकडून बसवून घेतलं होतं.

मला त्या दिवशी कोसबाडची टेकडी आठवली. पालघर वेगळा व्हायच्या आधी ती आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, ते पुढे तिकडे गेलं. ताराबाई आणि अनुताई वाघांनी माँटेसरीबाईंचं महागडं लाकडी साहित्य न परवडणाऱ्या आदिवासी पाड्यांवर बिया, खडे, शिंपले, पानं हाच माल वापरला. इथे माजिवड्याच्या सातव्या मजल्यावर बिया-शिंपले नाहीत, पण काडेपेटी आहे.

आता त्रिकोणाचं बोलते, कारण खरी रड तिथेच असते. घरात वर्तुळं डझनाने सापडतात, आयतांची तर मोजदाद नको. त्रिकोण मिळत नाही. माईंनी मोठ्या आशेने घडीची पोळी दाखवली. नानांनी पट्टी लावली आणि मान हलवली, “एक बाजू कंस आहे.” आणि ते खरंच होतं. गोल पोळीची चौघडी केली की दोन बाजू सरळ येतात आणि तिसरी गोलाईची राहते. हँगरचे खांदे गोल असतात, समोशाचं पोट फुगलेलं. पोरं या तिन्हींना त्रिकोण म्हणतात आणि म्हणू द्यावं, पण बोट फिरवून ‘कुठली बाजू सरळ नाही?’ एवढं विचारावं.

त्रिकोण घरात का नाही, याला कारण आहे. डबे, पुस्तकं, कपाटं एकमेकांना चिकटवून ठेवायची असतात, तिथे चौकोन सोयीचा. त्रिकोणाला सामान भरायचं काम कुणी देत नाही, त्याला भार धरायचं काम देतात, आणि ते तो नेहमी आडोशाला राहून करतो. तेव्हा शोधायचं ते फळीच्या खाली, स्टुलाच्या पायांत, इस्त्रीच्या टेबलाच्या पोटात. हे मनीला कसं कळावं? नानांनी लग्नपत्रिकेच्या चार सारख्या पट्ट्या कापल्या, टोकांना भोकं पाडून दोऱ्याच्या गाठींनी जोडल्या. चौकट झाली. मनीने एका कोपऱ्याला बोटाने ढकललं तशी ती झुकून शंकरपाळी झाली. मग तीनच पट्ट्या बांधल्या. मनीने ढकललं, ओढलं, दात लावला. पट्टी वाकली, पण आकार काही हलला नाही.

त्यानंतर ती पोटावर पडून सरपटत स्वयंपाकघरात गेली आणि मसाल्याच्या फळीखालचा लोखंडी ब्रॅकेट पकडून आणल्यासारखी ओरडली. पहिला त्रिकोण! दुसरा गॅलरीतून सापडला. घोडबंदर रोडच्या बाजूला वडाळा-कासारवडवली मेट्रोचं काम चाललं होतं, त्यातल्या एका क्रेनचा हात नुसत्या त्रिकोणांनी विणलेला. मनी मोजत बसली आणि विसाच्या पुढे तिला आकडे पुरेनात. ‘घरातल्या वस्तू’ असं लिहिलंय, याची सुनेने आठवण करून दिली. मनी म्हणाली, गॅलरी घरातच आहे. नानांनी मुद्दा मान्य केला.

तिसऱ्यावर घोडं अडलं. संध्याकाळी मनीच्या वाढदिवसाची कागदी टोपी निघाली, ती टोकदार, रबर लावलेली. खोलीत अंधार करून सुनेच्या मोबाइलची बॅटरी लावली. टोपी आडवी धरली तर भिंतीवर त्रिकोण, टोक बॅटरीकडे केलं तर गरगरीत वर्तुळ. मनी नाचली, “हिच्यात दोन्ही आहेत!” अर्धवट तिरकी धरली की अंडं येतं, हेही तिने शोधून काढलं. पण नानांनी तिसऱ्या त्रिकोणाच्या जागी ती सावली घ्यायला नकार दिला. सावली ही वस्तू नव्हे. माझं मत विचारलं असतं तर मी घेतली असती. विचारलं नाही. ती जागा रिकामी राहिली.

रविवार कापाकापीचा. ही जागा सगळ्यात धोक्याची, कारण मोठ्या माणसाला लहान मुलाचं कापणं बघवत नाही. मनीचं पहिलं वर्तुळ नऊ कोपऱ्यांचं झालं. नानांचा हात कात्रीकडे सरकला तसं माईंनी त्यांच्यापुढे गवार आणून टाकली. “निवडा. आणि सगळ्या एका मापाच्या तोडायच्या नाहीत.” मी मनीला एवढंच दाखवलं की कात्री फिरवायची नसते, कागद फिरवायचा. कात्रीचा हात पोटाजवळ एका जागी धरायचा, ती पुढे उघडमिट करत राहते, आणि डाव्या हाताने कागद हळूहळू वळवत न्यायचा. आधी वाटीच्या रेघेबाहेर ओबडधोबड चौकोन कापून घ्यायचा म्हणजे भलामोठा कागद हातात लटकत नाही. कात्री बोथट टोकाची पण धारेला बरी हवी. धारच नसली तर कागद चावला जातो आणि मुलाला वाटतं आपलंच चुकतंय. तिसरं वर्तुळ सहन होण्यासारखं आलं. नाना गवार निवडता निवडता एक डोळा मिटून बघत होते, पण बोलले नाहीत. त्यांच्या हातातली शेंग मात्र दर वेळी मोडत होती.

चौरस कापायला मनीला पट्टी लागली नाही. ए-फोरचा कागद घेतला, एक कोपरा उचलून वरची कड बाजूच्या कडेवर बसवली, घडी दाबली आणि खाली उरलेली पट्टी कापून टाकली. घडी उघडली की चौरस. “दोनशे सत्त्याण्णव वजा दोनशे दहा,” गवारीच्या ढिगामागून आवाज आला. “पट्टी सत्त्याऐंशी मिलिमीटरची असणार.” ती पट्टी आयताच्या रकान्यात गेली. मग चौरसाच्या तिरक्या घडीवरून कात्री चालवली आणि दोन त्रिकोण सुटे झाले. इथे मी मनीला एकटीला सोडलं. तिने ते दोन तुकडे सरकवत सरकवत आधी परत चौरस केला, मग एक मोठा त्रिकोण, मग एक झुकलेला चौकोन, आणि त्याकडे बोट दाखवून म्हणाली, “आजोबा, आपलं दार!”

सोमवारी तक्ता शाळेत गेला. वर्तुळाखाली वाट्यांचे दोन ठसे आणि बांगडी, आयताखाली काडेपेटी आणि सशर्त मोबाइल, चित्रं सगळी मनीच्या हातची, क्रेन जिराफासारखी. फक्त उजव्या खालच्या कोपऱ्यात नानांना राहवलं नव्हतं. तिथे बारीक, ठसठशीत अक्षरांत चौकट भरलेली होती. शीर्षक, घरातले आकार. स्केल, एकास एक. सर्व मापे मिलिमीटरमध्ये. रेखाटन, मनी. तपासले, नाना. क्रेनपुढे तारा टाकून तळाशी लिहिलं होतं, ‘ही आकृती स्केलप्रमाणे नाही.’

मंगळवारी तक्ता परत आला. दोन लाल खुणा. एक, त्रिकोण कमी आहे. दुसरी, फरशी दोन रकान्यांत का? कारण शनिवारी रात्री मनीला झोपवताना नानांनी गोष्टीऐवजी तिला सांगितलं होतं की चौरस हा आयतसुद्धा असतो, आणि तिने सकाळी उठून निमूटपणे फरशी आयतातही चिकटवली होती. बाईंनी मुलीला विचारलं असणार, हे आयतात का घातलंस? मनी म्हणाली असणार, आजोबा म्हणाले. गणितात हे कारण चालत नाही, आणि चालू नये. वर्गात चाळीस पोरं असताना ‘चौरस हाही आयत’ हा वाद पहिलीत उघडणाऱ्या बाईला मी वेडी म्हणेन. नाना मात्र इंडियन स्टँडर्डचे संदर्भ शोधायला निघाले होते. मी त्यांना कसंबसं बसवलं. म्हटलं, तुमच्या ऑफिसात पार्टीने ड्रॉइंग परत पाठवलं तर काय करायचात? भांडायला जायचात?

“छे. रिव्हिजन काढायचो.”

मग काढा.

हे त्यांना एकदम पटलं. त्यांनी तक्ता टेबलावर पसरला, चार कोपरे चिकटपट्टीने ताणून बसवले आणि टू-एच पेन्सिलीला टोक केलं. आयतातली फरशी मनीने सोडवून काढली. नानांनी त्या जागेपाशी, ड्रॉइंग ऑफिसची रीत असते तशी, बदलाची खूण केली. एक छोटासा त्रिकोण आणि त्यात ‘ए’.

मनी टेबलावर हनुवटी टेकून बघत होती. “आजोबा, हा त्रिकोण.”

“हो. ही रिव्हिजनची खूण असते.”

“घरातच आहे ना हा?”

नाना थांबले. माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. खूण म्हणजे वस्तू का, हा प्रश्न त्यांच्या कपाळावर स्पष्ट उमटला होता, पण मनीने तोवर तो त्रिकोण लाल रंगवून तिसऱ्या त्रिकोणाच्या रिकाम्या जागेकडे बाण काढलाही होता. मग ती आणखी वाकली, नाक कागदाला टेकेपर्यंत.

“आजोबा, हा बंद नाहीये. इथून मुंगी बाहेर जाईल.”

नानांनी चष्मा वर केला, खाली केला, भिंग मागवलं. डाव्या खालच्या कोपऱ्यात दोन रेघा खरंच जुळल्या नव्हत्या. स्वयंपाकघरातून माईंनी विचारलं, किती मिलिमीटर? नानांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी ‘तपासले’समोरचं आपलं नाव खोडलं आणि पेन्सिल मनीच्या हातात दिली.